नाव मिळालं, करार राहिला

मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे सगळेजण जिला एलएलपी म्हणतात ती, नोंदवताना सरकार नाव अतिशय बारकाईने तपासतं आणि करारातल्या अटींकडे जवळजवळ पाहतच नाही. नाव दुसऱ्या कुणाच्या नावासारखं वाटलं की अर्ज परत येतो. पण भागीदारांनी आपापसात नफा कसा वाटायचा ठरवलंय, कुणी किती पैसे घातलेत, उद्या एकजण बाहेर पडला तर काय, हे न्याय्य आहे की नाही, असा प्रश्न कुठलाही अधिकारी विचारत नाही. त्यामुळे नव्या भागीदारांचा सगळा जीव नावावर खर्च होतो. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात पडलं की पेढे वाटले जातात आणि करार 'सीए बघतील' म्हणून मागे राहतो. माझ्या मते भांडणाचं बी नेमकं इथे पडतं, म्हणून या लेखात नोंदणीची वाट मी शेवटच्या टप्प्याकडे डोळा ठेवून सांगणार आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. अशी माणसं तळकोकणात कुठल्याही तालुक्यात भेटतील. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर काजूप्रक्रियेचा लहान कारखाना चालवतात. बी भाजणं, फोडणं, सोलणं, प्रतवारी ही सगळी बाजू वहिनींची. खरेदी आणि बाजारपेठ दिरांची. दिरांचा शाळेपासूनचा मित्र मस्कतला नोकरी करतो. त्याला गावात पैसे गुंतवायचेत. तिघांनी मिळून पाच लाख रुपयांनी सुरुवात करायची ठरवलं: मित्राचे तीन लाख, वहिनींचा एक, दिरांचा एक. नफ्यात मात्र वहिनींना 35 टक्के, दिरांना 35 आणि मित्राला 30, कारण राबणार ते दोघं. हे सगळं तोंडी ठरलंय, चहा पिता पिता.

साधी भागीदारी का नको, हा पहिला प्रश्न. 1932 च्या भागीदारी कायद्याखालच्या पेढीत पेढीचं कर्ज फिटलं नाही तर घेणेकरी कुठल्याही एका भागीदाराला धरून सगळी रक्कम त्याच्या घरादारावरून वसूल करू शकतो. मस्कतच्या मित्राला तेवढा धोका नको आहे. 2008 च्या एलएलपी कायद्याने भागीदारीला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिलं. हा कायदा 31 मार्च 2009 पासून लागू झाला. एलएलपीचं देणं हे एलएलपीचं. केवळ भागीदार आहे म्हणून कुणाचं घर जात नाही. स्वतः केलेल्या चुकीची किंवा गैरकृत्याची जबाबदारी मात्र त्या माणसावर राहते आणि फसवणुकीत ही ढाल उरत नाही. आणखी एक गोष्ट भागीदारांना आधीच सांगायला हवी: बँक कर्ज देताना वैयक्तिक हमी मागतेच, आणि तिच्यावर सही केली की तेवढ्या कर्जापुरती मर्यादा संपली.

आता भागीदारांची ओळख. कायद्याला किमान दोन भागीदार लागतात आणि त्यांच्यात किमान दोन 'डेझिग्नेटेड' भागीदार, म्हणजे सरकारदरबारी जबाबदार धरले जाणारे. हे दोघं हाडामांसाची माणसं असावी लागतात आणि त्यांतला किमान एक भारतात राहणारा हवा. राहणारा म्हणजे आर्थिक वर्षात 120 दिवस तरी इथे असलेला. पूर्वी ही अट 182 दिवसांची होती. 2021 च्या दुरुस्तीने, 1 एप्रिल 2022 पासून, ती खाली आली. मस्कतचा मित्र वर्षातून एकदा जत्रेला महिनाभर येतो. तो भागीदार होऊ शकतो, डेझिग्नेटेडही होऊ शकतो, पण ही अट त्याच्या जिवावर पूर्ण होत नाही. त्याला साधा भागीदार ठेवून वहिनी आणि दिरांनी डेझिग्नेटेड व्हावं हे सरळ.

डेझिग्नेटेड भागीदाराला डिन हा ओळख क्रमांक लागतो. आधी नसेल तर नोंदणीच्या अर्जातूनच मिळतो, वेगळी धावपळ नको. धावपळ करायला लावतात ती कागदांवरची नावं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. वहिनींच्या पॅनवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, बँकेत तिसऱ्याच क्रमाने. पोर्टल पॅनवरचं नाव प्रमाण मानतं आणि वडिलांचं नावही पॅनच्या नोंदीशी ताडून पाहतं. नवऱ्याचं नाव त्या रकान्यात भरलं की अर्ज अडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पॅन आणि आधार एका नावावर आणायचे, मग डिजिटल सही काढायची, मग पोर्टलवर खातं उघडायचं. बरेचजण उलटं करतात. घाईने आधारवरच्या नावाने डिजिटल सही काढतात; ती पोर्टलवर पॅनच्या नावाच्या खात्याला जोडली जात नाही आणि पैसे देऊन दुसरी काढावी लागते.

डिजिटल सहीचं टोकन हे पेन ड्राइव्हसारखं दिसतं, म्हणून त्याला कुणी जपत नाही. परवानाधारक संस्था व्हिडिओवर ओळख पटवून ते देते आणि त्याने केलेली सही कायद्याने हाताच्या सहीइतकीच पक्की असते. तरी शेकडो भागीदारांची टोकनं सल्लागारांच्या खणात, पासवर्डची चिठ्ठी चिकटवून पडलेली असतात. त्याहून वाईट म्हणजे सोयीसाठी अर्जात सल्लागाराचाच मोबाइल आणि ईमेल घातलेला असतो. सगळं गोडीत चाललेलं असतं तोवर कुणाला कळत नाही. सल्लागार बदलायचा झाला किंवा भागीदारांत बिनसलं की कळतं, कारण ओटीपी भलत्याच फोनवर जातो. वहिनींचं टोकन वहिनींच्या कपाटात आणि अर्जात त्यांचाच नंबर, एवढं पहिल्याच दिवशी पाहून घ्यावं.

नावाकडे येऊ. वाटा दोन आहेत. RUN-LLP या फॉर्ममध्ये 200 रुपये भरून दोन नावं पसंतीक्रमाने सुचवता येतात. मंजूर झालेलं नाव तीन महिने राखून ठेवलं जातं. किंवा FiLLiP या नोंदणीच्या अर्जातच नाव मागता येतं. नाव अगदी वेगळं, स्वतः घडवलेलं असेल तर दुसरी वाट लवकर संपते. नावाबद्दल थोडीही शंका असेल तर पहिली बरी, कारण नावापायी सगळा नोंदणी अर्ज लटकत नाही.

आमच्या उदाहरणातल्या तिघांना ग्रामदेवतेचं नाव हवंय: 'सातेरी कॅश्यू एलएलपी'. भावना योग्य आहे, पण तळकोकणात आणि गोव्यात सातेरी गावोगावी आहे आणि तिच्या नावाने धंदा काढणारे हे तिघं पहिले नसतील. एखादी 'सातेरी कॅश्यूज' नावाची कंपनी आधीच नोंदलेली आहे असं धरा. मग पुढे 'श्री' लावून, शेवटचा 's' काढून, स्पेलिंगमध्ये एखादं 'e' वाढवून किंवा मागे 'वेंगुर्ला' जोडून काही साधत नाही. अनेकवचन, विरामचिन्ह, शब्दांमधली जागा, उच्चारात सारखं पण लिहिण्यात वेगळं, गावाचं नाव जोडणं, हे फरक नियमांच्या लेखी फरकच नाहीत. तुलना फक्त एलएलपींशी नव्हे, कंपन्यांशीही होते आणि नोंदलेल्या ट्रेडमार्कशीसुद्धा. 'सहकारी' किंवा 'ट्रस्ट' असे दुसऱ्या प्रकारच्या संस्थेचा भास करणारे शब्द चालत नाहीत. बँक, विमा अशा शब्दांना त्या त्या नियामकाची परवानगी लागते.

म्हणून अर्जाआधी दोन ठिकाणी शोध घ्यायचा. एक, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर. दोन, ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात, आणि तिथे योग्य वर्गात. प्रक्रिया केलेले काजूगर वर्ग 29 मध्ये येतात, कच्ची बी वर्ग 31 मध्ये. नुसता एक वर्ग पाहून समाधान मानू नये. शोध घेताना शब्द जसा लिहिला तसाच नव्हे, जसा ऐकू येतो तसाही घालून पाहावा. अर्ज परत आला तर RUN-LLP मध्ये दुरुस्तीची एकच संधी असते, 15 दिवसांत. ती तेच नाव थोडं वळवून वाया घालवण्यापेक्षा दुसरंच नाव द्यावं. तिघांनी सातेरीच्या नावापुढे आपल्या वाडीचं जुनं, नकाशात नसलेलं नाव जोडलं आणि तो जोडशब्द कुणाचाच नव्हता. केवळ ओळखीच्या गावाचं नाव जोडणं आणि एक नवा, वेगळा शब्द घडवणं यांतला फरक इथे दिसतो.

नाव मंजूर झालं म्हणजे ते कायमचं आपलं झालं असंही नाही. एखाद्या ट्रेडमार्कचा मालक पुढे तक्रार करू शकतो. त्यासाठी त्याला एलएलपीच्या नोंदणीपासून तीन वर्षांची मुदत असते. नाव बदलण्याचा आदेश निघाला आणि तीन महिन्यांत तो पाळला नाही, तर सरकार स्वतःच नवं नाव देतं. त्या नावाच्या सुरुवातीला ORDNC ही अक्षरं येतात, म्हणजे आदेश पाळला गेला नाही असा शेरा, मग वर्ष, अनुक्रमांक आणि एलएलपीचा जुना क्रमांक. काजूच्या डब्यावर ते नाव छापून कोण माल घेईल?

FiLLiP बद्दल थोडक्यात. तो अर्ज हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासला जातो. त्यात भागीदार, त्यांचे भांडवली वाटे, धंद्याचं स्वरूप आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता भरायचा असतो. भागीदारांनी सह्या केलेला संमतीचा कागद जोडायचा असतो आणि शेवटी सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील यांचं निवेदन लागतं. फी भांडवलावर ठरते. एक ते पाच लाखांपर्यंत 2000 रुपये. खेड्यात अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. कारखान्याची शेड वहिनींच्या सासऱ्यांच्या नावे, ते जाऊन आठ वर्षं झाली, पण महावितरणचं बिल अजून त्यांच्याच नावाने येतं. बिल दोन महिन्यांच्या आतलं हवं आणि जागेच्या मालकाचं नाहरकतपत्र हवं. मालकच हयात नसेल तर नाहरकत देणार कोण? ग्रामपंचायतीत वारसांची नोंद करून घरपट्टीचा उतारा नव्या नावाने घेणं आणि वीजबिलाचं नाव बदलणं, हे महिनाभर आधी सुरू करावं लागतं. नोंदणी झाली की प्रमाणपत्र येतं. 2022 पासून त्यावरच एलएलपीचा पॅन आणि टॅनही छापलेला असतो.

समजा प्रमाणपत्राची तारीख 12 जानेवारी 2026. बँकेत खातं उघडायचं, पाटी रंगवायची, फेब्रुवारी-मार्चपासून बी बाजारात यायला लागेल त्याआधी पैसे गोळा करायचे. सगळ्यांचं लक्ष तिकडे. आणि त्याच दिवशी दुसरं एक घड्याळ सुरू झालेलं असतं: करार फॉर्म 3 बरोबर दाखल करायला 30 दिवस, म्हणजे 11 फेब्रुवारीपर्यंत.

उशीर झाला तर दंड होतो. पूर्वी दिवसाला 100 रुपये, कमाल मर्यादा नाही. एका विसरलेल्या फॉर्मवर भांडवलाहून मोठं देणं झालेली माणसं होती. 1 एप्रिल 2022 पासून उशिराची आकारणी मूळ फीच्या पटीत झाली आणि छोट्या एलएलपींना, म्हणजे भांडवल 25 लाखांपर्यंत आणि उलाढाल 40 लाखांपर्यंत असणाऱ्यांना, ती कमी पटीत लागते. पाच लाखांच्या भांडवलाला फॉर्म 3 ची मूळ फी 100 रुपये आहे. तेव्हा दंडाचं भय आता फारसं उरलेलं नाही, आणि म्हणूनच लोक सुस्तावतात. खरी किंमत दंडात नाहीच.

करार नसेल, किंवा करारात एखादी गोष्ट लिहिलेली नसेल, तर कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. भागीदारांनी न लिहिलेलं तिथे कायद्याने लिहून ठेवलेलं आहे. ते आपल्या तिघांना लावून पाहू. सर्व भागीदारांचा भांडवलात, नफ्यात आणि तोट्यात समान वाटा. म्हणजे नफा 35-35-30 नव्हे, तिघांना सारखा. भांडवलही सारखं: पाच लाखांचे तीन भाग, प्रत्येकी सुमारे 1,66,667 रुपये. मित्राने तीन लाख घातले होते. पुढे, धंदा चालवण्याबद्दल कुठल्याही भागीदाराला मोबदला नाही. सकाळी आठपासून कारखान्यात उभ्या असलेल्या वहिनींना पगार मागण्याचा हक्क नाही. आणि निर्णय डोक्यांच्या बहुमताने, प्रत्येकाला एक मत. वहिनी आणि दीर एका घरातले, म्हणजे दोन मतं एका चुलीवरची. सर्वाधिक पैसा घालणारा मित्र प्रत्येक मतदानात हरणार. धंद्याचं स्वरूप बदलायला आणि नवा भागीदार घ्यायला सर्वांची संमती लागते, तेवढाच त्याला आधार.

हे त्याला समजावलं तर तो म्हणेल, "मी थंय, हे हंय. माका कोण इचारतलो?" आणि त्यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं: "भावजी, बीये वाळवूक तुम्ही येतल्यात?" दोघांचंही बरोबर आहे. करार लिहायचा तो याच दोन वाक्यांमधून.

कसा लिहायचा, ते कलमांच्या क्रमाने सांगत नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या नमुन्यात कलमं भरपूर असतात, फक्त काजू नसतो. काजूच्या धंद्यात पैसा वर्षभर सारखा फिरत नाही. साधारण मेपर्यंत बी खरेदी होते, ती वाळवून गोदामात जाते, आणि पुढचे कित्येक महिने थोडी थोडी फोडून गर विकला जातो. म्हणजे मे महिन्यात सगळं भांडवल पोत्यांत असतं. कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही नसेल तर भागीदार 30 दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो आणि त्या दिवशीचं त्याचं भांडवल अधिक साठलेल्या नफ्यातला वाटा, तोटा वजा करून, मागू शकतो. मित्राने मेमध्ये नोटीस दिली तर त्याचे तीन लाख द्यायला बी मिळेल त्या भावाने विकावी लागेल. म्हणून या करारात बाहेर पडण्याची नोटीस सहा महिन्यांची हवी आणि पैसे गराच्या विक्रीच्या महिन्यांत हप्त्यांनी द्यायचे, असं स्पष्ट हवं. गोदामातल्या बीची किंमत कुठल्या दिवसाच्या कुठल्या भावाने धरायची, हेही. एखादा भागीदार वारला तर वारसांना पैशाचा हक्क मिळतो, कारभारात ढवळाढवळीचा नाही. पण पैसे किती दिवसांत द्यायचे, ते करारातच ठरवावं लागतं.

वहिनींचा पगारही लिहायला हवा, आणि त्याला दुसरं एक कारण आहे. काम करणाऱ्या भागीदाराला दिलेला मोबदला एलएलपीच्या उत्पन्नातून वजा करायला प्राप्तिकर खातं तेव्हाच मान्यता देतं, जेव्हा तो करारात नमूद असतो आणि करारानुसार दिलेला असतो. त्यालाही नफ्यानुसार मर्यादा आहे. भांडवलावरच्या व्याजाचंही तसंच, वर्षाला 12 टक्क्यांपर्यंत. मित्राला नफ्यात 30 टक्के पण भांडवलावर व्याज, असं ठरवलं तर त्याच्या जास्तीच्या पैशाची आणि वहिनी-दिरांच्या घामाची सांगड बरी बसते. मतांसाठीही साधी तरतूद पुरते: अमुक रकमेवरचा खर्च, कर्ज आणि मालमत्ता विकणं यांना तिघांचीही लेखी संमती.

आता मुद्रांक. महाराष्ट्रात भागीदारीच्या करारावर रोख भांडवलाच्या एक टक्का मुद्रांक शुल्क लागतं, वरच्या मर्यादेसह. पाच लाखांवर 5000 रुपये. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर करार टाइप करून आणणारे अजूनही आहेत. भांडवल रोख न आणता जमीन, शेड अशा मालमत्तेच्या रूपाने आणलं तर मात्र खरेदीखतासारखं, बाजारभावावर शुल्क लागतं. म्हणून शेड कुटुंबाच्याच नावे ठेवून एलएलपीला भाड्याने देणं इथे शहाणपणाचं. शुल्क सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी भरलेलं असावं, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. करारावर 20 जानेवारी आणि शुल्काच्या चलनावर 9 फेब्रुवारी अशा तारखा दिसल्या की तो करार कमी मुद्रांकित ठरतो आणि वर दंड लागतो. भांडण कोर्टात गेलं तर तोच कागद पुरावा म्हणून अडतो, म्हणजे नेमका लागतो तेव्हा उपयोगी पडत नाही. फॉर्म 3 मधले भांडवलाचे आणि नफ्याचे आकडे करारातल्या आणि FiLLiP मधल्या आकड्यांशी जुळायला हवेत, हेही सांगून ठेवतो. डिसेंबरमध्ये घाईत भांडवल एक लाख दाखवायचं आणि फेब्रुवारीत करारात पाच लिहायचं, असं केलं की भांडवलवाढीचा वेगळा सोपस्कार मागे लागतो.

आणि सह्या. मित्र जत्रेला डिसेंबरमध्ये आला तेव्हा त्याने संमतीच्या कागदावर सही केली आणि तो मस्कतला परत गेला. करारावर सही करायची वेळ आली ती जानेवारीत, प्रमाणपत्र आल्यावर, कारण करारात एलएलपीचं मंजूर नाव आणि क्रमांक घालायचा असतो. कागद परदेशात पाठवून सही आणायची म्हटलं तर 30 दिवस कमी पडू शकतात आणि परदेशात सही झालेल्या दस्ताच्या मुद्रांकाचे नियमही वेगळे. यावर उपाय सोपा आहे, पण तो मित्र गावात असतानाच करावा लागतो: कराराचा मसुदा डिसेंबरमध्येच शेवटच्या ओळीपर्यंत ठरवायचा, नाव आणि क्रमांकाची जागा मोकळी ठेवायची, आणि मित्राने एवढ्या एका करारावर सही करण्यापुरतं मुखत्यारपत्र मागे ठेवायचं, मसुदा सोबत जोडून. ते दिरांच्या नावे नको. गावातच त्याची सख्खी बहीण आहे, तिच्या नावे. तिचा काजूत वाटा नाही.

असा करार 11 फेब्रुवारीच्या आत दाखल झाला की तिघांचं काम त्या वर्षापुरतं बरंच हलकं होतं. उरतात ती मेअखेरचं वार्षिक विवरण आणि ऑक्टोबरअखेरचं हिशेबपत्र. करार मात्र तिथे संपत नाही. पुढे मित्र मस्कतची नोकरी सोडून गावी आला, कारखान्यात उभा राहू लागला आणि त्याने पगार मागितला, तर पूरक करार करायचा, त्यावर मुद्रांक लावायचा आणि सहीपासून 30 दिवसांत पुन्हा फॉर्म 3 भरायचा. त्याला डेझिग्नेटेड करायचं ठरलं तर त्यासोबत फॉर्म 4 आणि त्याच्या नावाचा डिन. तेव्हा त्याच्या पॅनवरचं वडिलांचं नाव आधीच तपासून ठेवलेलं बरं.